दाराच्या मुठीपाशी राहिलेला विषय

डॉक्टरबाईंनी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "लिहितेस छान."

नवी बसल्या जागी दोन इंच उंच झाली. दवाखान्यात तिला सगळे नवीच म्हणायचे. आली तेव्हा ती नवी होती, तिच्यानंतर दुसरं कोणी आलंच नाही, म्हणून नवीच राहिली. मानसशास्त्राची पदवी खिशात होती, समुपदेशनाचं शिक्षण चालू होतं आणि डॉक्टरबाईंच्या देखरेखीखाली तिला स्वतःचा असा एक, अगदी एकुलता एक माणूस मिळाला होता. तो म्हणजे पोहण्याचे सर.

बाईंनी मधलंच एक पान उचललं. "'सर खुर्चीत बसले, पण त्यांचे खांदे अजून दाराबाहेरच उभे होते.' वा. हे मला आवडलं."

"थँक यू, बाई."

"आता सांग, त्या दिवशी तुमचं काय काय बोलायचं ठरलं होतं?"

"बरंच काही," नवी म्हणाली.

"कुठला विचार तपासलात?"

"तो... माझं लक्ष नव्हतं, तो."

"त्या विचारावर सरांचा सुरुवातीला किती विश्वास होता? शेवटी किती उरला?"

नवीने छताकडे पाहिलं. छताला काही माहीत नव्हतं.

"घरी काय करायला दिलंस? मागच्या वेळी दिलेलं त्यांनी केलं होतं का?"

"ते पान चारवर असेल, बाई."

"पान चारवर पंखा आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "कुरकुरणारा. सव्वा परिच्छेद."

दोन इंच उंच झालेली नवी आता चार इंच खाली आली. त्यात बाईंनी टेबलाच्या कोपऱ्यातली एक चिठ्ठी तिच्याकडे सरकवली. अक्षर काउंटरवरच्या ताईंचं होतं. पोहण्याच्या सरांचा फोन. गुरुवारी येतील, पण ते शेवटचंच. काही फरक पडत नाहीये, मॅडमचा वेळ उगाच जातोय, असं म्हणाले.

नवीने चिठ्ठी वाचली, मग उलटी करून पाहिली. मागे काहीतरी दिलासा असेल अशी वेडी आशा. मागे फक्त टाचणीची दोन भोकं होती.

सरांची गोष्ट अशी होती. जलतरण तलावावर ते वर्षानुवर्षं मुलांना पोहायला शिकवत आले होते. काही महिन्यांपूर्वी ते एका मुलीचे पाय पाण्यात सरळ करत होते, तेवढ्यात मागे एक मुलगा काठ सोडून खोल भागाकडे घसरला. सरांनी वळून पाहिलं, झेप घेतली, त्याला बाहेर काढलं. मुलगा खोकला, थोडा रडला आणि मग त्याने टॉवेल मागितला. बस, एवढंच घडलं होतं. पण त्या दिवसापासून सर पाण्यात उतरले नव्हते. तलावाच्या ऑफिसात बसून पावत्या फाडायचे. रात्री झोप लागायची नाही. तलावाचे व्यवस्थापक भले होते. सरांची जागा त्यांनी अजून कोणाला दिली नव्हती, पण कायमची रिकामीही ठेवता येणार नव्हती. सरांनी उपचार सोडले, तर ते त्या पावत्यांमध्येच राहणार, हे नवीला दिसत होतं. आणि ते आपल्या हातून होणार, हेही.

"मी वाईट समुपदेशक आहे का, बाई?"

"हा विचार आहे. तपास त्याला कधीतरी सवडीने," बाई म्हणाल्या. "आत्ता मला वेगळं हवंय. उद्या तुला ताप आला, तर हा कागद हातात घेऊन मला तुझ्या खुर्चीत बसता आलं पाहिजे. पाच मिनिटांत. आत्ता मी बसले, तर मला सरांचे खांदे माहीत असतील, पंखा माहीत असेल, पण काय विचारायचं ते माहीत नसेल."

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर आडव्या रेघा मारून चार कप्पे केले.

"पहिला, अजेंडा. दोघांनी मिळून काय बोलायचं ठरवलं आणि त्यातलं काय झालं, काय राहिलं. दुसरा, तपासलेले विचार. विचार त्यांच्याच शब्दांत लिहायचा, तुझ्या नाही. तो खरा वाटायला काय आधार आहे, त्याच्या विरुद्ध काय आहे, आणि सगळं मांडून झाल्यावर जास्त समतोल असं काय सापडलं. तिसरा, गृहपाठ. मागचा केला का, त्यातून काय कळलं, पुढचा काय. चौथा, आकडे. मनःस्थिती शून्य ते दहा, विचारावरचा विश्वास शून्य ते शंभर टक्के, आधी आणि नंतर."

"म्हणजे फॉर्म."

"फॉर्मच. तुझ्या मागच्या सगळ्या सेशनच्या नोंदी यात बसव. गुरुवारी सर येण्याआधी मला दाखव." बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "आणि एक. जे विचारलं नाहीस तिथे 'विचारलं नाही' असं लिही. आठवून आठवून आकडे शिजवू नकोस."

त्या संध्याकाळी नवी घरी पोचली तेव्हा आत्याने दारातच ओळखलं. नवी आत्याकडे राहायची, आणि आत्याचं निदान कुठल्याही डॉक्टरपेक्षा लवकर व्हायचं.

"एरंडेल प्यायलीस का गं वाटेत?"

"काही नाही गं."

"आज कोण रडलं?"

"आत्या, ते सांगता येत नाही, किती वेळा सांगू तुला?"

"बरं, त्यांचं नको. तू रडलीस का, तेवढं सांग."

नवीने ताटातली भाजी उजवीकडून डावीकडे नेली, मग डावीकडून उजवीकडे आणली. कामाच्या कागदांतला एक शब्दही घराच्या उंबऱ्याच्या आत येत नसे, तसा नियमच होता. पण स्वतःबद्दल बोलायला बंदी नव्हती. "मी फार लिहिते असं बाई म्हणाल्या. चार कप्प्यांत लिही म्हणाल्या."

आत्या हसायला लागली. अशी हसली की तिला ताट बाजूला ठेवावं लागलं. "तिसरीत तुला गाईवर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. तू गाईचं बालपण लिहिलं होतंस."

"छान होतं ते."

"छानच होतं. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं मला. म्हणाल्या, गाईचं सगळं आहे हो, पण तिला पाय किती ते कुठेच नाही."

नवीला हसायचं नव्हतं. पण भाजी नाकात जाईपर्यंत हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फाइलींच्या खोलीत ठाण मांडलं. फाइली दवाखान्याबाहेर नेता येत नसत, आणि ती खोली म्हणजे खिडकी नसलेला, लोखंडी कपाटांनी भरलेला चिंचोळा बोळ होता. काउंटरवरच्या ताईंनी तिला एक स्टूल दिलं. त्याचा एक पाय तोकडा होता.

"किती वेळ लागेल?" ताईंनी विचारलं.

"पुस्तकभर."

"चहा ठेवते मग," ताई म्हणाल्या.

पहिल्या सेशनच्या पानावरच तिला स्वतःचाच राग आला. एवढी सुंदर सुरुवात होती, आणि अजेंड्याच्या कप्प्यात लिहायला मात्र तीनच गोष्टी निघाल्या. झोप. पाण्यात न उतरणं. आणि तिसरी, त्यांच्या स्वतःच्या मुलीचं. सरांनी ती अजेंडा ठरवताना शेवटी घातली होती, 'वेळ उरला तर मुलीचं बोलू' असं म्हणत. नवीने लिहिलं: झोप, झालं. पाणी, झालं. मुलीचं, राहिलं.

तपासलेल्या विचारांच्या कप्प्यात तिला गाळणी घेऊन बसावं लागलं. अर्ध्या पानाच्या वर्णनातून सरांचं एक वाक्य बाहेर आलं: "माझं लक्ष नव्हतं." बाकी सगळं तिचं स्वतःचं होतं. अपराधाचं ओझं, गिळलेलं पाणी, काठावरची शांतता. सर यातलं काही म्हणालेच नव्हते. नवीने कान धरल्यासारखं केलं आणि ते एकच वाक्य अवतरणात लिहिलं.

गृहपाठाचा कप्पा सोपा होता. रोज रात्री मनात येणारे विचार टिपून ठेवायचे, असं ठरलं होतं.

मग आकडे. मनःस्थिती विचारली होती, चार. विचारावरचा विश्वास मात्र सुरुवातीलाच विचारला होता, ऐंशी टक्के. शेवटी? नवीने डोळे मिटले. सर जाताना जरा बरे वाटत होते. साठ तर नक्कीच झाला असणार. निदान पासष्ट. पेन सहाच्या आकड्यापर्यंत गेलं, तिथे घुटमळलं, आणि मग तिने दात-ओठ खात लिहिलं: विचारलं नाही.

दुसरं सेशन. अजेंडा: व्यवस्थापकांशी बोलणं, झालं. झोप, झालं. मुलीचं, राहिलं. गृहपाठाच्या कप्प्यात आधी 'मागचा केला का' असं लिहायचं होतं. नवीने पानं उलटली, पालटली, कच्च्या टिपणांच्या चिठ्ठ्या काढल्या. सर खिशातून घडी घातलेला कागद काढत होते, तिने तो हात फार छान टिपला होता, बोटं जाड आणि सुरकुतलेली. आणि कागदात काय होतं? ते नव्हतं. ती त्या हातांवरच थांबली होती आणि मग बोलणं व्यवस्थापकांकडे वळलं होतं. कागद तसाच सरांच्या खिशात परत गेला होता.

तिसऱ्या सेशनला सरांनी कागद आणला नव्हता. चौथ्या-पाचव्यालाही नाही. नवीने त्यावर लिहिलं होतं की सर जणू स्वतःपासूनच लपत होते.

"लपत कसले," ती कपाटाला म्हणाली. "कोणी बघितलंच नाही, तर कशाला आणतील?"

ताई चहा घेऊन आल्या. नवीच्या समोर कागद एकाखाली एक मांडलेले होते, प्रत्येकाला चार कप्पे, आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू कोणीतरी तिच्या खोलीतला दिवा अचानक लावला होता.

"काय झालं?"

"ताई, मला सांगा, कोणी दारापाशी जाऊन, मूठ हातात धरून, हसत हसत काही बोललं, तर ते गमतीचं असतं का?"

ताईंनी विचार केला. "आमचे हे, दारात चप्पल घालताना म्हणाले होते, नोकरी सुटली म्हणून. चहा पी, गार होईल."

नवी चहा प्यायलीच नाही. पाचही कागदांवर अजेंड्याच्या कप्प्यात शेवटची ओळ एकच होती. मुलीचं, राहिलं. मुलीचं, राहिलं. आणि ती ओळ तिला नवीन नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. तिच्या प्रत्येक लांबलचक नोंदीचा शेवटचा परिच्छेद तोच होता. 'सर दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबले, हसले आणि म्हणाले, मुलीचं राहिलंच की. आणि दार हलकेच मिटलं.' पाच वेळा, थोड्या वेगवेगळ्या शब्दांत. तिला तो शेवट आवडायचा. गोष्ट कशी गोल व्हायची. शेवट छान झाला म्हणून तिने त्याच्या पुढे विचारच केला नव्हता.

ती तशीच उठून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. स्टूल मागे लंगडत पडलं.

बाईंनी कागद ओळीने वाचले. त्या वाचत असताना नवी उभीच राहिली. 'विचारलं नाही' ही अक्षरं किती ठिकाणी होती, ते तिला उलट्या बाजूनेही दिसत होतं.

"आकडे शिजवले नाहीस," बाई म्हणाल्या.

"एक शिजत होता. उतरवला."

"बरं केलंस. आता यात तुला काय दिसतंय?"

"गृहपाठ देते आणि विचारत नाही. मग सरांनी बंद केला. विश्वासाचा आकडा सुरुवातीला घेते, शेवटी विसरते. मग फरक पडलाय की नाही, हे त्यांना तरी कसं कळणार? आणि..." तिने बोट ठेवलं. "हे. त्यांना जे बोलायचंय ते ते शेवटी ठेवतात, आणि मी ते शेवटीच राहू देते."

"मग उद्या काय करशील?"

"मुलीचं पहिलं घेणार."

"तू घेणार?"

नवी थांबली. "त्यांना विचारणार. पहिलं घ्यायचं का म्हणून."

"हं. नाही म्हणाले तर?"

"तर नाही. पण कागदावर दिसेल की मी विचारलं होतं."

बाईंनी कागद परत दिले. "पंखा कुरकुरतोय खरा तो," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीला सांगते."

गुरुवारी सर वेळेवर आले. उंच, रुंद, छत्री हातात, आणि चेहऱ्यावर निरोप घ्यायला आलेल्या पाहुण्याची सभ्यता. ते नवीला मॅडम म्हणायचे, नवी त्यांना सर म्हणायची, आणि त्यामुळे खोलीत नक्की कोण कोणाला शिकवतंय, याचा पत्ता लागत नसे.

"मॅडम, मी ताईंना बोललो होतो. आजचं शेवटचं."

"हो सर, कळलं. ते आपण आजच्या अजेंड्यात घेऊ?" नवीने चार कप्प्यांचा कागद दोघांच्या मध्ये, सरांना सरळ दिसेल असा ठेवला. "त्याआधी मला एक सांगायचंय. मी मागच्या सगळ्या नोंदी पुन्हा बघितल्या. दुसऱ्या वेळी तुम्ही कागद लिहून आणला होतात. मी तो वाचला नाही. माझी चूक झाली."

सर जरा गोंधळले. मोठी माणसं अशी गोंधळली की त्यांचे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नाही. "अहो, त्यात काय. काही विशेष नव्हतं."

"आणि दर वेळी तुमचा एक विषय राहिला. मुलीचं. आज तो पहिला घ्यायचा का? नको असेल तर नको."

सरांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. तो कुरकुरत नव्हता. खरोखरच दुरुस्त झाला होता.

"घ्या," सर म्हणाले.

नवीने अजेंड्यात लिहिलं: एक, मुलीचं. दोन, थांबायचं की नाही. आणि मग विचारलं, आज मनःस्थिती शून्य ते दहामध्ये कुठे?

"तीन."

मुलगी सात वर्षांची होती. तिला पोहायला शिकायचं होतं, आणि बाबांकडूनच. दुसरे शिक्षक होते, चांगले होते, पण ती म्हणायची, मी बाबांकडूनच शिकणार, बाबा बेस्ट आहेत. रोज सकाळी दप्तर भरताना विचारायची. सर रोज काहीतरी कारण काढायचे. पाणी गार आहे. फिल्टर बिघडलंय. परवा तर म्हणाले, पाणी बदलतायत.

"एवढ्या वेळा पाणी बदलतात का, असं म्हणाली ती," सर म्हणाले, आणि हसले. नेहमीसारखंच, दाराच्या मुठीपाशी हसायचे तसं. फक्त आज ते खुर्चीत बसून हसत होते.

"ती विचारते तेव्हा मनात काय येतं, सर? अगदी त्याच शब्दांत."

सरांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "की पोरगी माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते, आणि मी नेमका तिच्याकडे बघत नसेन."

नवीला तिथेच त्या वाक्याबद्दल दोन पानं लिहावीशी वाटली. तिने ते जसंच्या तसं अवतरणात लिहिलं आणि विचारलं, "हे किती खरं वाटतं? शून्य ते शंभर."

"पंच्याण्णव."

मग ते दोघं कामाला लागले. कागदाच्या एका बाजूला आधार. सरांनी एकच सांगितला: त्या दिवशी मी बघत नव्हतो. नवीने तो लिहिला. 'तसं काही नाही हो' असं म्हणायचं तिच्या जिभेवर आलं होतं, पण ते खरं नव्हतं. सर खरंच बघत नव्हते.

"दुसऱ्या बाजूला काय लिहू?"

"काही नाही."

"त्या दिवशी तुम्ही काय करत होतात?"

"पाय सरळ करत होतो. एका मुलीचे."

"म्हणजे लक्ष कुठे होतं?"

"तिच्याकडे." सर थांबले. "लक्ष होतं. दुसरीकडे होतं."

"मग मुलगा घसरला, ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

असा प्रश्न सरांना कोणी विचारलाच नव्हता. "कोणी नाही. आवाज वेगळा आला पाण्याचा. मुलं पाय मारतात त्याचा आवाज असतो एक. तो बंद झाला एका जागी. म्हणून वळलो. काठावरच्या जीवरक्षकाने शिट्टी मारली तेव्हा मी पोचलो होतो."

नवीने सगळं लिहिलं, सावकाश, त्यांच्या शब्दांत. मग कागद त्यांच्याकडे वळवला. "दोन्ही बाजू बघून, आता हे कसं म्हणाल?"

सर कागद वाचत राहिले. पोहण्याच्या वेळा लावलेल्या फलकाकडे बघतात तसे, भुवया जुळवून.

"लक्ष हटतं," ते शेवटी म्हणाले. "एकाच माणसाचं लक्ष सगळीकडे राहत नाही, म्हणून तर काठावर दुसरा ठेवतात. माझं हटलं, आणि परत आलं. वेळेवर आलं." मग घाईने, "पण भीती वाटायची ती वाटणारच, मॅडम."

"वाटू दे. पहिलं वाक्य आता किती खरं वाटतं?"

"साठ." त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "पासष्ट धरा."

पासष्ट. नवीने आकडा लिहिला आणि पेनाचं टोक त्याच्यावर जरा जास्तच वेळ ठेवलं. हा तिने शिजवलेला नव्हता.

मग गृहपाठ. सर एकदम म्हणाले, उद्याच घेतो पोरीला पाण्यात, आणि नवीने विचारलं, हे होईलच याची खात्री किती, शंभरात? सर म्हणाले, तीस. मग दोघांनी मिळून तो लहान केला. पाण्यात उतरायचं नाही. मुलीला घेऊन उथळ भागाच्या काठावर बसायचं, पाय पाण्यात सोडून, जीवरक्षक कामावर असताना. याची खात्री? पंच्याऐंशी. जाण्याआधी लिहायचं, काय होईल असं वाटतंय. आल्यावर लिहायचं, काय झालं.

"काय होईल असं वाटतंय?"

"छाती धडधडेल. पाच मिनिटांत पोरीला उचलून घरी आणीन." सरांनी खांदे उडवले. "लिहा, नव्वद टक्के."

नवीने लिहिलं. मग अजेंड्यातल्या दुसऱ्या विषयावर बोट ठेवलं. "आणि हे? थांबायचं की नाही?"

सर त्या गृहपाठाच्या कप्प्याकडे बघत होते. "पुढच्या वेळी हे विचारणार का तुम्ही?"

"सगळ्यात आधी."

"मग यावं लागेल," सर म्हणाले, थोडं तक्रारीच्या सुरात. जाताना मूठ धरून थांबलेसुद्धा नाहीत.

नवीने नोंद लिहायला घेतली तेव्हा चहासुद्धा गार झाला नव्हता. एकच पान. चार कप्पे. सगळं त्यात मावलं, आणि मावल्यावर तिला जरा रिकामं रिकामं वाटलं, म्हणून तिने पान उलटून मागच्या कोऱ्या बाजूकडे बघितलं, आणि पुन्हा सुलटं केलं.

पुढच्या गुरुवारी सर आले ते खिशात हात घालतच. कागदाची घडी उघडली तर एक कोपरा फुगलेला, शाई पसरलेली. पाण्यात पडला होता.

"पोरीने पाडला," सर म्हणाले. "वाचता येतो अजून."

नवीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचला. छाती धडधडली, हे खरं झालं होतं. पाच मिनिटांत घरी, हे झालं नव्हतं. पंचवीस मिनिटं बसले होते. पोरीला थंडी वाजायला लागली म्हणून उठले. शेवटी एक ओळ होती, अर्धी पुसलेली: तिने विचारलं, बाबा, तुम्ही एवढं टक लावून का बघताय माझ्याकडे.

"काय म्हणालात तुम्ही?"

"म्हटलं, सवय लावून घेतोय परत."

मनःस्थिती पाच. त्या वाक्यावरचा विश्वास पन्नास. एकदम बरं कोणी झालं नव्हतं, आणि सरांना झोप अजून नीट लागत नव्हती. ती अजेंड्यात होती. पुढचा गृहपाठ सरांनी स्वतःच सुचवला: उथळ भागात, कमरेएवढ्या पाण्यात, पोरीचा हात धरून. खात्री, सत्तर. नवीने तो आणखी लहान करू का विचारलं. सर म्हणाले, नको, सत्तरची गंमत वेगळी आहे.

मग ते उठले, दारापाशी गेले, मूठ धरली आणि थांबले. वळून बघितलं.

"राहिलंच की," ते म्हणाले.

नवीने भरभर अजेंड्याकडे बघितलं. गृहपाठ, झालं. झोप, झालं. व्यवस्थापकांना काय सांगायचं, झालं. काय राहिलं, काय सुटलं आपल्या हातून?

"छत्री," सर म्हणाले आणि खुर्चीला अडकवलेली छत्री घेऊन गेले.

नवी दार मिटेपर्यंत गंभीर राहिली. मग टेबलावर डोकं टेकून हसली, आवाज काउंटरपर्यंत जाऊ नये म्हणून बाहीत तोंड खुपसून. सावरल्यावर तिने नोंद पूर्ण केली. अजेंड्याच्या कप्प्यात शेवटची ओळ लिहिली: राहिलं, काही नाही. छत्री कुठल्याच कप्प्यात बसत नव्हती. ती गंमत तिने आत्याला सांगायला ठेवली, छत्री कोणाची ते न सांगता.